अंगठ्याखालचं नाव

शेवगावच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला लागून नकलांचं टेबल आहे. जुना सातबारा, फेरफार, वारसनोंद, जे मागाल त्याची नक्कल तिथं मिळते. प्रत्येक नकलेच्या तळाशी दोन सह्या असतात. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे एकानं नक्कल मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून शब्दाला शब्द ताडून पाहायचा. मूळ कागद कसरीनं खाल्ला असेल तिथं ‘फाटले आहे’ असं लिहायचं. तिथं काय असणार हे कितीही उघड दिसत असलं तरी ते लिहायचं नाही. प्रार्थना वैरागर अठरा वर्षं त्या टेबलावर बसत होती आणि तिची सही असलेली एकही नक्कल चुकीची म्हणून परत आली नव्हती.

हा नियम तिनं एकदाच मोडला, आणि तो स्वतःच्या घरी.

तिची आई एलिझाबेथ वीस ऑक्टोबरला वारली. नेवाशाकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात तिनं एकतीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. शेवटचे आठ दिवस ती घरीच होती. त्या आठ दिवसांतली एक गोष्ट प्रार्थनाच्या मनातून जात नव्हती. आईनं तिला जन्मभर ‘ताई’ म्हणून हाक मारली. प्रार्थना हे नाव शाळेच्या दाखल्यावर, पगारपत्रकावर आणि वडिलांच्या तोंडी. लग्नानंतर नऊ वर्षांनी, मागून मागून मिळालेली लेक, म्हणून प्रार्थना, असं वडील कौतुकानं सांगायचे, तेव्हाही आई चुलीकडं वळायची. आणि शेवटच्या आठवड्यात मात्र ती हाक मारू लागली. “प्रार्थना… ए प्रार्थना…”

“मी इथंच आहे, आई.”

आई तिच्याकडं बघायची, मग तिच्या खांद्यावरून मागं, दाराकडं. “तुला नाही गं, ताई.”

डॉक्टर म्हणाले, अंगात सोडियम कमी झालं की असं होतं.

आईच्या डायरीत जर्मनीतला एक नंबर होता. ‘लोरे सिस्टर’. ही बाई सत्तरच्या दशकात सहा वर्षं त्या दवाखान्यात होती. पुढं दर नाताळला दोघींची कार्डं एकमेकींना जात. प्रार्थनाचे वडील शमुवेल, निवृत्त मुख्याध्यापक, वय शहात्तर. त्यांनी त्या नंबरवर इंग्रजीत दोन ओळींचा निरोप टाकला आणि खाली स्वतःचं नाव इंग्रजी धाटणीनं लिहिलं, सॅम्युएल. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. लोरेच्या भाचीनं तीन फोटो पाठवले होते. पहिल्यात काळ्या काठाचं कार्ड, वर गव्हाची ओंबी. दुसऱ्यात आतलं उजवं पान, निळ्या शाईनं भरलेलं. तिसऱ्यात पाकीट.

“लोरेबाई मराठी फाडफाड बोलायची,” शमुवेल म्हणाले. “आता सगळं विसरली वाटतं. हे वाच बरं.”

प्रार्थनानं मोबाईलचा कॅमेऱ्यातून भाषांतर करणारा प्रकार लावून पाहिला. निळ्या अक्षरांवर मराठी अक्षरं थरथरत उगवली. ‘प्रिय सॅम्युएल, खिडकी दोन दिवस बसली आहे. ७७ जून.’

“सत्त्याहत्तर जून? त्यांच्याकडं महिना लांब असतो का?” शमुवेल म्हणाले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले.

छापील अक्षराला तो प्रकार बरा, हाताच्या अक्षराला नाही. मग तिनं तोच फोटो मोबाईलमधल्या एआयला दिला आणि लिहिलं, ‘याचं मराठी कर.’ अर्ध्या मिनिटात स्वच्छ, ओघवतं मराठी पत्र समोर आलं. मूळ जर्मन उतारा तिनं मागितला नाही. ती सरळ वाचायला लागली.

‘प्रिय बंधू सॅम्युएल, एलिझाबेथ गेल्याचं कळल्यापासून दोन दिवस मी खिडकीशी बसून आहे. आम्ही दोघींनी एकाच स्टोव्हवर सुया उकळल्या आणि एकाच ताटात भाकरी खाल्ली. तुमची एक गोष्ट मी अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळली, कारण तिनं मला शपथ घातली होती. आता ती शपथ संपली. ११ जून १९७७ ला पहाटे तुमची मुलगी जन्मली, ती मेलेली नव्हती. चाळीस मिनिटं जगली. चर्चचे पाळक गावाला गेले होते. मी उकळून गार केलेलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिचा बाप्तिस्मा केला. नाव एलिझाबेथनं सांगितलं. आता ती तिच्या छोट्या हन्नाजवळ पोहोचली आहे. तुमची लोरे.’

खोलीत पंखा फिरत होता. शमुवेलनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

पहिलं मूल झालं तेव्हा ते बी.एड.च्या परीक्षेला पुण्यात होते, एवढं प्रार्थनाला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा त्यांच्या आईनं दारातच सांगितलं होतं, मेलेलंच झालं, मातीही झाली, आता तो विषय काढायचा नाही. मेल्या लेकराला नाव नसतं. नाव दिलं की जीव घुटमळतो, पुढच्या लेकराच्या वाटेत येतो. देऊळ सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण ही समजूत घरातून गेली नव्हती. बाप्तिस्मा न झालेली लेकरं कब्रस्तानच्या कुंपणालगत पुरत. चर्चच्या वहीत त्यांची नोंद नसे.

“हन्ना,” शमुवेल म्हणाले. “बायबलात हन्ना कोण, सांग.”

“शमुवेलची आई.”

“माझ्या नावाच्या माणसाची आई. तुझ्या आईनं माझ्याकडं बघून नाव ठेवलं गं. मी नव्हतो तिथं, तरी माझ्याकडं बघून ठेवलं.”

ते नाव इतकं चपखल बसलं की शंका घ्यायला जागाच उरली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मच्छिंद्रला फोन केला. मच्छिंद्र दगडावर अक्षरं कोरायचा. एकोणतीस तारखेला, चाळिसाव्या दिवशी, चर्चमध्ये तिच्या आठवणीची उपकारस्तुतीची भक्ती होती आणि त्याआधी आईच्या कबरेवर दगड बसवायचा होता. शमुवेलनी त्यावर एक ओळ वाढवली: ‘आणि तिची लेक हन्ना, ११ जून १९७७’.

पुढचे तीन दिवस घरात एक माणूस वाढलं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत शमुवेल तिचं नाव घेऊ लागले. दुपारी चहाच्या वेळी म्हणाले, “हन्ना आता अठ्ठेचाळीसची असती. तुझ्याहून सात वर्षांनी थोरली. तुला दटावलं असतं तिनं.” एकदा ओसरीवरून त्यांनी हाक मारली, “हन्ना, पाणी आण गं,” आणि प्रार्थनानं पाणी नेऊन दिलं. दोघांनीही चूक दाखवली नाही. तिला मात्र पेला देताना मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. तिनं वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि अंगणात ऊन होतं.

चौथ्या दिवशी मच्छिंद्र घरी आला. “गुरुजी, एक अडचन हाय. फोनवर सांगितलेलं मी कोरत न्हाई. मागं एका आजोबांची तारीख चुकली, त्यांची पोरं माझ्या अंगावर आली. दगडाला खोडरबर नस्तंय. कागदावर लिहून द्या अन खाली सही ठोका.”

सही म्हटल्यावर प्रार्थनाचा हात थांबला. मूळ कागद न पाहता ती सही करत नसे.

तिनं एआयकडून जर्मन उतारा ओळीला ओळ लिहून घेतला. मग मूळ फोटो टॅबवर मोठा करून वडिलांपुढं ठेवला. “आबा, रुजवात घेऊ. मी एकेक अक्षर वाचते, तुम्ही बोट ठेवा.”

“मला कुठं जर्मन येतं?”

“अर्थ लागत नाही तेच बरं. अर्थ कळला की माणूस पुढचं आपोआप वाचतो. तुम्ही फक्त अक्षर जुळतंय का बघा.”

पाऊण तास लागला. लोरेचा एकचा आकडा खालून वर लांब शेपूट घेऊन यायचा, म्हणून सातासारखा दिसायचा. तिच्या खऱ्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. अकराचे सत्त्याहत्तर झाले ते तिथं. तिचा ‘यू’ आणि ‘एन’ सारखाच, फक्त ‘यू’च्या डोक्यावर एक छोटी कमान. एकेक ओळ जुळत गेली. शेवटून दुसऱ्या ओळीवर प्रार्थना वाचू लागली, “एच, ए, एन…”

“थांब.” शमुवेलनी बोट उचललं, परत ठेवलं. “इथं अंगठा आहे.”

“कुणाचा?”

“फोटो काढणारीचा. कार्ड मिटू नये म्हणून दाबून धरलंय तिनं. नखाला लाल रंग आहे बघ. हन्ना कुठंय गं यात?”

प्रार्थनानं टॅब ओढून घेतला. ‘छोट्या’ हा शब्द होता. त्याच्यापुढं अंगठा. अंगठ्याच्या पलीकडं दोनच अक्षरं बाहेर आली होती, ‘एन’ आणि ‘ए’. बाकीचं नाव अंगठ्याखाली होतं.

तिनं एआयला पुन्हा लिहिलं, या वेळी कचेरीतल्यासारखं. ‘भाषांतर नको. जे दिसतं तेवढंच उतरव. जे झाकलं आहे तिथं झाकलं आहे असं लिही. अंदाज करू नकोस.’ उत्तर आलं, की शेवटची दोन अक्षरं सोडून नाव दिसत नाही. आधी संदर्भावरून एक शक्य नाव घातलं होतं. माफीही मागितली होती.

“म्हणजे यंत्रानं नाव ठेवलं,” शमुवेल म्हणाले. त्यांनी बोट मागं घेतलं. मग म्हणाले, “तीन दिवस मी कुणाला हाका मारत होतो?”

कसरीनं खाल्लेल्या जागी स्वतःच्या मनचं लिहिणाऱ्या एका कारकुनाला प्रार्थनानं एकदा साहेबांपुढं उभं केलं होतं. इथं तिनं काय वेगळं केलं होतं?

तिनं भाचीला निरोप टाकला: नाव झाकलं आहे, दुसरा फोटो मिळेल का? भाचीनं कळवलं की कार्ड फोटो काढला त्याच दिवशी टपालात टाकलं, पोहोचायला महिना लागेल. ते नाव तिनं नीट पाहिलं नव्हतं. मावशी वृद्धाश्रमात आहे, फोनवर तिला ऐकू येत नाही. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, ती भेटायला जाणार आहे. पत्र लिहा, मी कानाशी वाचून दाखवीन.

म्हणजे शोकपत्राला उत्तर द्यायचंच होतं, ते आता या प्रश्नासकट द्यायचं. रविवारी नाव कळलं तर मच्छिंद्रच्या हाती पाच दिवस राहत होते. नाही कळलं, तर चाळिसाव्या दिवशी आईच्या दगडावर लेकीची ओळ येणार नव्हती. आणि एकदा बसवलेला दगड शमुवेल पुन्हा उखडू देणार नव्हते.

प्रार्थनानं आधी मराठीत लिहिलं, नेहमीसारखं. ‘आई प्रभूमध्ये निजली.’ त्याचं जर्मन करून घेतलं, आणि ते जर्मन दुसऱ्या ठिकाणी टाकून परत मराठीत आणलं. आलं: ‘आई साहेबांच्या घरात झोपली आहे.’

“कुठल्या साहेबांच्या?” शमुवेल म्हणाले. “तहसीलदाराच्या?”

तिनं खोडलं. ‘मातीला दोनशे माणसं होती’ याचं परत येताना ‘चिखलात दोनशे माणसं होती’ झालं. तेही खोडलं. वाक्यं लहान केली. एका वाक्यात एकच गोष्ट. प्रत्येक वाक्यात कोण ते स्पष्ट. ‘ती’ नाही, ‘एलिझाबेथ’. वारली, पुरलं, रडलो. तासाभरानं वाक्यं जशी गेली तशीच परत येऊ लागली. एकच राहिलं. खालच्या सहीचं यंत्रानं भाषांतर करून टाकलं होतं. विनवणी या अर्थाचा जर्मन शब्द तिथं बसला होता. तिनं तो काढून आपलं नाव रोमन अक्षरांत लिहिलं.

मग ते जर्मन तिनं कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत हातानं उतरवलं.

“टाईप करून पाठव की. म्हातारीला वाचून तर दाखवणारेत.”

“आईनं कधी शोकाच्या पत्राला टाईप करून उत्तर दिलं होतं का, आबा?”

पत्र असं होतं:

‘प्रिय लोरे सिस्टर, तुमचं कार्ड आम्हाला मिळालं. तुम्ही आमच्या दुःखात आमच्याजवळ आलात. आम्ही तुमचे आभारी आहोत. एलिझाबेथ २० ऑक्टोबरला सकाळी घरी वारली. शमुवेल तिच्याजवळ होते. तिला वेदना कमी होत्या. दोनशे लोक तिला निरोप द्यायला आले. तिनं ज्यांची बाळंतपणं केली, त्यांतल्या पुष्कळ बायका आल्या.

शमुवेलना आजवर माहीत नव्हतं, की त्यांची पहिली मुलगी जिवंत जन्मली. तुम्ही ते सांगितलंत. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. ते म्हणतात, माझ्या मुलीजवळ मी नव्हतो, पण तुम्ही होता.

शेवटच्या आठवड्यात एलिझाबेथ मला हाक मारायची. मी उत्तर दिलं की ती म्हणायची, तुला नाही. ती दाराकडं बघायची. ती कुणाला बोलावत होती, मला माहीत नाही.

आमचा एक प्रश्न आहे. फोटोमध्ये त्या मुलीचं नाव अंगठ्याखाली झाकलं गेलं आहे. आम्ही ते नाव एलिझाबेथच्या दगडावर लिहिणार आहोत. कृपा करून ते नाव मोठ्या अक्षरांत लिहा.

एलिझाबेथची मुलगी, प्रार्थना.’

रुजवात झाली. शमुवेलनी खाली आपलं नाव लिहिलं. खिडकीतल्या उजेडात कागद सपाट ठेवून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून प्रार्थनानं फोटो काढला आणि भाचीला पाठवला. मूळ पत्र तिनं दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं टाकलं.

रविवारपर्यंतच्या त्या चार दिवसांत घरात कुणीच हाक मारली नाही. जेवणाआधी शमुवेल म्हणायचे, “आणि तिच्यासाठी,” आणि थांबायचे. तेवढ्या थांबण्यात प्रार्थनाला आईचा आवाज यायचा. आपलं नाव, दाराच्या दिशेनं.

रविवारी चर्चमधून येऊन दोघं जेवले. साडेचारला मोबाईल वाजला. भाचीनं या वेळी एकच फोटो पाठवला होता. कागदाच्या एका कडेवर मीठदाणी, दुसरीवर चमचा. अंगठा कुठंच नव्हता. सोबत भाचीच्या दोन ओळी होत्या. पत्र ऐकून मावशीनं मोबाईल स्वतःच्या हातात मागून घेतला, सहीवर बोट ठेवलं आणि ती घाबरली. ‘हे कुणी लिहिलं?’ असं ती तीन वेळा म्हणाली.

प्रार्थनानं घाई केली नाही. आधी उतारा, मग रुजवात, शमुवेलचं बोट प्रत्येक अक्षरावर. शेवटी मराठी.

‘प्रिय सॅम्युएल, मी ऐंशी वर्षांची आहे आणि मला वाटलं माझं डोकं गेलं. ज्या मुलीचं नाव तुम्ही मला विचारता, तिचीच सही तुमच्या पत्राखाली आहे. भाची म्हणते, ही तुमची दुसरी मुलगी असणार. एलिझाबेथ दर नाताळला लिहायची, मुलगी शाळेत जाते, मुलगी नोकरीला लागली. मुलीचं नाव तिनं मला कधी कळवलं नाही. आता मला कळतं, का.

त्या पहाटे मी विचारलं, काय नाव देऊ? एलिझाबेथ म्हणाली, दुसरं काही सुचत नाही, मी सारखी तेच करते आहे. मी पाणी घातलं आणि नाव घेतलं. सकाळी तुमच्या आई आल्या. त्या म्हणाल्या, या पोरीला नाव नव्हतं असं समजायचं. एलिझाबेथ गप्प राहिली. नंतर मला म्हणाली, मी हे नाव टाकून देणार नाही.’

त्याखाली, मोठ्या, वेगळ्या काढलेल्या रोमन अक्षरांत, नऊ अक्षरं होती. शेवटची दोन ‘एन’ आणि ‘ए’. शमुवेलचं बोट पहिल्या अक्षरापासून निघालं, शेवटच्यावर थांबलं आणि तिथंच राहिलं.

“सात वर्षं आम्ही देवाजवळ तुला मागत होतो,” ते म्हणाले. “मी म्हटलं, नाव काय ठेवायचं? ती लगेच म्हणाली. मला वाटलं, त्या मागण्यावरून.” मग म्हणाले, “चाळीस वर्षं मी तुला हाक मारली, की ती तिकडं वळायची. चुलीकडं.”

“आबा,” प्रार्थना म्हणाली. ताई, ताई, असा जन्मभराचा आईचा आवाज तिच्या कानात होता. दिलेलं नाव आईनं तिच्यापाशी नुसतं ठेवायला दिलं होतं. वापरलं कधीच नव्हतं. वापरलं ते शेवटच्या आठ दिवसांत, आणि जिचं होतं तिच्यासाठी.

मोबाईल पुन्हा वाजला. मच्छिंद्र होता.

“ताई, सकाळी दगड पॉलिशला लावतोय. नाव आलं का तिकडून?”

“आलं. लिहून घ्या. प्रार्थना.”

“व्हय, ते कळलं की तुमी बोलताय म्हनून. नाव सांगा, त्या लेकराचं.”

“सांगितलं, मच्छिंद्रभाऊ.”

पलीकडं छिन्नीचा आवाज थांबला. “जित्या मानसाचं नाव मी दगडावर कधी घातलं न्हाई, ताई.”

“माझं नाही ते. कागद पाठवते, सही करून.”

तिनं टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘एलिझाबेथ शमुवेल वैरागर’, खाली दोन तारखा, आणि त्याखाली, ‘आणि तिची लेक प्रार्थना, ११ जून १९७७’. मग सवयीनं तळाशी डावीकडं लिहिलं, नक्कल करणार, आणि सही केली. उजवीकडं लिहिलं, रुजवात घेणार, आणि कागद वडिलांकडं सरकवला.

एकाच कागदावर ते नाव दोनदा आलं होतं. शमुवेलनी चष्मा पुसून घातला. वरच्या नावावर बोट ठेवून अक्षरं मोजली, मग खालच्या सहीवर ठेवून मोजली, आणि आपली सही केली.